बोटभर चौकटीतलं अक्षर : पाककृतीच्या व्हिडिओचं थंबनेल आणि देवनागरीचे तीन मजले



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे फलक रंगवले. त्यांच्यासमोर रोज एकच प्रश्न असायचा: चालत्या एस. टी.च्या खिडकीतून क्षणभर दिसणारी पाटी वाचता येईल का? आज मी त्याच प्रश्नाच्या आजच्या रूपाबद्दल बोलणार आहे. आज घराघरांतून स्वयंपाकाचे व्हिडिओ यूट्यूबवर जातात आणि प्रत्येक व्हिडिओला दर्शनी चित्र लागतं. त्यालाच थंबनेल म्हणतात. त्यावरचं ठसठशीत मराठी शीर्षक अगदी लहान आकारातही वाचता यावं, यासाठी काय करावं लागतं, एवढाच माझा विषय. सगळं एका उदाहरणावर उलगडू या. उदाहरण आहे कोथिंबीर वडीचं.

आधी आकार समजून घेऊ. थंबनेल आपण १२८० बाय ७२० पिक्सेलच्या कॅनव्हासवर करतो. संगणकाच्या पडद्यावर ते भलंमोठं दिसतं आणि सगळं छान वाटतं. पण तोच व्हिडिओ दुसऱ्या एखाद्या व्हिडिओच्या बाजूच्या यादीत येतो, तेव्हा ते चित्र सुमारे १६८ बाय ९४ पिक्सेलच्या चौकटीत बसतं. म्हणजे साडेसातपटीहून अधिक लहान होतं. कॅनव्हासवर ७६ पिक्सेल उंच असलेलं अक्षर तिथे १० पिक्सेलचं उरतं. फोनच्या पडद्यावर पिक्सेल दाट असतात, त्यामुळे अक्षराच्या कडा तिथे स्वच्छ राहतात. मात्र चौकट बोटभरच असते आणि फोन हातभर लांब असतो. संगणकावर पिक्सेल अपुरे पडतात, फोनवर डोळा अपुरा पडतो. उपाय दोन्हीकडे एकच आहे, तो म्हणजे मोठं आणि मोकळं अक्षर.

आता अडचण देवनागरीची. थंबनेलबद्दलचा बहुतेक सल्ला इंग्रजीतून येतो आणि त्यात पहिलं सूत्र असतं, सगळी अक्षरं कॅपिटल वापरा. ते त्यांच्यासाठी बरोबर आहे, कारण कॅपिटल अक्षरं एकाच मजल्यावर राहतात. वर काही निघत नाही, खाली काही लोंबत नाही, सगळी उंची अक्षराच्या कामी येते. देवनागरी मात्र तीन मजल्यांची लिपी आहे. मधल्या मजल्यावर शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराचं अंग. वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खालच्या मजल्यावर उकार, ऋकार आणि पायमोडीचं चिन्ह. वरचा आणि खालचा मजला फॉन्टप्रमाणे कमीजास्त होतो, पण मधल्याच्या साधारण एक तृतीयांश तरी धरावा लागतो. शब्दात वेलांटीही असेल आणि उकारही असेल, तर मिळालेल्या उंचीतला जेमतेम साठ टक्के भाग अक्षराच्या अंगाला मिळतो. चौकट तीच, तरी आपलं अक्षर इंग्रजीपेक्षा लहान पडतं ते याच कारणाने.

म्हणून माझं आजचं मुख्य म्हणणं असं आहे: मराठी थंबनेलचं शीर्षक वाचनीय होतं ते शब्द निवडताना. फॉन्ट, रंग, आउटलाइन हे सगळं त्यानंतरचं. कोणत्या शब्दाच्या डोक्यावर काय आहे, पायाशी काय लोंबतंय आणि पोटात किती मोकळी जागा आहे, हे पाहून शब्द घ्यावे लागतात.

आता उदाहरणाकडे. समजा, एका ताईंनी कोथिंबीर वडीचा व्हिडिओ केला आणि थंबनेलवर दोन ओळींत लिहिलं, ‘घरच्या घरी खुसखुशीत कोथिंबीर वडी’. कॅनव्हासवर हे छान दिसतं. पाच शब्द बसवायचे म्हणून अक्षराचं अंग ७० पिक्सेलवर आलंय आणि लहान चौकटीत ते ९ पिक्सेलचं होतं. तिथे काय घडतं ते अक्षर अक्षर घेऊन पाहू.

‘खुसखुशीत’ या शब्दात दोन उकार आहेत. पहिल्या ओळीचे हे उकार खाली लोंबतात आणि दुसऱ्या ओळीतल्या ‘कोथिंबीर’च्या मात्रा-वेलांट्या वर येतात. दोन ओळींच्या मधल्या फटीत ही सगळी चिन्हं एकमेकांत अडकतात आणि तिथे तिसरी, अर्थ नसलेली ओळ असावी असा पट्टा तयार होतो.

‘कोथिंबीर’ शब्द तर याहून अवघड. ‘थ’ आणि ‘य’ यांच्यातला फरक थोडक्या गोष्टींवर उभा आहे: ‘थ’च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते आणि तिथे एक गाठ असते. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांचंही तसंच. ही तुटलेली जागा लहान आकारात एका पिक्सेलपेक्षा कमी झाली की बुजते आणि ‘थ’चा ‘य’ होतो. पुढे ‘ब’. ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात फरक फक्त पोटातल्या तिरक्या रेघेचा. पोट लहान झालं की रेघ आणि पोकळी एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही अक्षरं सारखीच काळी गोळी दिसतात. वेलांटीच्या कमानीवरचा अनुस्वार कमानीला चिकटतो तो वेगळाच. असा हा शब्द लहान चौकटीत डोळ्यांनी वाचता येत नाही, आठवणीनेच ओळखावा लागतो.

यावर अनेक जण फॉन्ट आणखी जाड करतात. जाड अक्षर लांबून दिसतं, हे खरं. पण जाडी वाढते ती पोटातली पोकळी खाऊन. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मोदक’ नावाचा फॉन्ट आहे. गुबगुबीत, भरदार, खाद्यपदार्थासाठी लगेच मनात भरेल असा. त्याचं सौंदर्यच हे, की अक्षर इतकं फुगलंय की पोटातल्या पोकळीची केसाएवढी रेघ उरलीय. पोस्टरवर, दुकानाच्या पाटीवर तो देखणा दिसतो. साडेसातपट लहान केला की ती केसाएवढी रेघ पहिली जाते आणि मागे उरतो तो ढग. हा फॉन्टचा दोष नव्हे, तो मोठ्या आकारासाठीच घडवलाय. लहान चौकटीसाठी त्याच संस्थेच्या ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ फॉन्टची ठळक वजनं बरी, कारण जाड होऊनही त्यांची पोटं उघडी राहतात.

मी विद्यार्थ्यांना तीन मापं देतो. ती अनुभवातून आलेली आहेत, नियमावलीतली नव्हेत. कॅनव्हासवर अक्षराचं अंग, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची, किमान १५० पिक्सेल ठेवा. लहान चौकटीत ती २० च्या आसपास येते. अक्षराच्या उभ्या दांड्याची जाडी ३० च्या जवळपास ठेवा, म्हणजे तिथे ४ उरतात. आणि पोटातली पोकळी सर्वांत अरुंद जागी २३ च्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे तिथे ३ उरतात. सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला फॉन्टचा आकडा यासाठी उपयोगी नाही. एकाच आकड्यावर दोन फॉन्टची अंगं वेगवेगळ्या उंचीची येतात. त्यामुळे पट्टी लावून प्रत्यक्ष अक्षरच मोजायचं.

हे माप पाळायचं ठरवलं, की पाच शब्द बसत नाहीत हे आपोआप कळतं. दोन बसतात, फार तर तीन. मग कोणते दोन? इथे एक सोय लक्षात घ्या. थंबनेलच्या खाली किंवा शेजारी व्हिडिओचं नाव यूट्यूब स्वतःच छापतं. ‘कोथिंबीर वडी’ तिथे आहेच, आणि चित्रात वडी दिसतेच आहे. तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगण्यात जागा का घालवायची? चित्र आणि नाव जे सांगू शकत नाहीत, तेवढंच थंबनेलवर लिहावं.

ते काय असावं, हे स्वयंपाकघराला विचारायचं. कोथिंबीर वडी करणाऱ्याचा घोर कोणता? वडी तळताना फुटते, नाहीतर कापतानाच भुगा होतो. पीठ सैल भिजलं, उकड कच्ची राहिली किंवा उंडा गरम असतानाच सुरी लावली, की असं होतं. ताईंच्या व्हिडिओत नेमका यावरचा उपाय आहे. बेसनात थोडं तांदळाचं पीठ, कोथिंबीर धुऊन पूर्ण कोरडी करणं, पाणी बेताचंच, पंधरा-वीस मिनिटं नीट वाफ, आणि पूर्ण गार झाल्यावर काप. मग थंबनेलचे शब्द झाले, ‘फुटणार नाही’.

आता हे दोन शब्द मजल्यांच्या हिशोबाने तपासू. वरच्या ओळीत ‘फुटणार’, खालच्या ओळीत ‘नाही’. ‘फुटणार’च्या डोक्यावर काहीच नाही. काना शिरोरेषेच्या वर जात नाही. म्हणजे या ओळीचा वरचा मजला पूर्ण रिकामा, तेवढी उंची अक्षराला देता येते. खाली एकच उकार आहे, तोही अगदी डावीकडे, ‘फ’च्या पायाशी. ‘नाही’मध्ये एकच वेलांटी आहे, तीही उजवीकडे, ‘ह’वर. उकार जिथे उतरतो तिथे खाली ‘ना’ची सपाट शिरोरेषा आहे. वेलांटी जिथे चढते तिथे वर ‘ट’ आणि ‘णा’चे मोकळे पाय आहेत. दोघांची टक्करच होत नाही. म्हणून दोन ओळी एरवीपेक्षा जवळ आणता येतात आणि अक्षर आणखी वाढवता येतं.

मापं घेऊ. अक्षराचं अंग १७० पिक्सेल धरलं, तर ‘फुटणार’ची रुंदी साधारण ७०० च्या आसपास येते. कॅनव्हासच्या निम्म्याहून थोडी जास्त. दोन ओळींच्या मध्ये ८५ पिक्सेलची फट ठेवली, की उकार आणि वेलांटी आपापल्या जागी बसून थोडी हवा उरते. एकूण उंची ४२५ झाली. लहान चौकटीत अक्षराचं अंग २२ पिक्सेलचं राहिलं. ‘घरच्या घरी खुसखुशीत’ वाल्या शीर्षकात ते ९ होतं. फॉन्ट तोच, चौकट तीच. अडीचपट वाढ केवळ शब्दांच्या निवडीने मिळाली.

आता दोन चुका सांगतो, ज्या अक्षर मोठं करूनही घात करतात. पहिली, अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजीत अक्षरं थोडी विरळ केली की वाचनीयता वाढते. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. आणि शिरोरेषा तुटणं ही आपल्याकडे ‘थ’, ‘ध’, ‘भ’ यांची खूण आहे, शब्द संपल्याचीही खूण आहे. जागोजागी तुटलेली रेषा डोळ्याला खोट्या खुणा देते. तेव्हा अंतर शून्यच ठेवा.

दुसरी, आउटलाइन. फोटोवर अक्षर उठून दिसावं म्हणून भोवती काळी कड देतात. ती योग्यच आहे, पण कड अक्षराच्या बाहेरच्या बाजूला हवी. काही सॉफ्टवेअर कड अक्षराच्या सीमेवर मधोमध काढतात. तेव्हा अर्धी कड आत शिरते आणि दांडे बारीक करते. शिवाय काही ठिकाणी प्रत्येक अक्षराला स्वतंत्र कड लागते, त्यामुळे शिरोरेषेवर दोन अक्षरांच्या सांध्यात काळ्या उभ्या चिरा दिसतात. उपाय सोपा आहे. त्याच शब्दाची प्रत काढा, प्रतीला जाड काळी कड द्या आणि ती मूळ शब्दाच्या मागे ठेवा. वरचा शब्द अखंड राहतो, कड फक्त बाहेर दिसते. याच ओघात आणखी एक सांगतो. फॉन्टमध्ये ठळक वजन नसताना ‘बोल्ड’चं बटण दाबू नका. सॉफ्टवेअर मग अक्षराला सगळीकडून सारखं फुगवतं आणि आधी म्हटलेल्या पोकळ्या आणि फटी बुजवून टाकतं.

रंगाकडे वळू. आपल्या स्वयंपाकाचा रंग हळदीचा, तिखटाचा, तळणाचा. पिवळा, तांबूस, तपकिरी. आणि थंबनेलवर सर्वाधिक आवडीने वापरले जाणारे रंगही पिवळा आणि लालच. तळलेल्या वडीशेजारी पिवळं अक्षर वडीचाच तुकडा वाटतं. लाल अक्षराची अडचण वेगळी आहे. जेपेग प्रकारच्या चित्रात उजेड-अंधाराचा तपशील पूर्ण ठेवला जातो, पण रंगाचा तपशील बहुतेक वेळा निम्म्या बारकाईने साठवला जातो. म्हणून हिरव्या कोथिंबिरीवर तेवढ्याच गडदपणाचं लाल अक्षर लिहिलं, तर त्याच्या कडा पसरतात. काही लोकांना तर लाल-हिरव्यातला भेद नीट कळतही नाही. तेव्हा फरक उजेडाचा ठेवा. वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांत हा फरक मोजायचं गुणोत्तर आहे: पांढऱ्यावर काळं म्हणजे २१, आणि साध्या मजकुरासाठी किमान ४.५ हवं. लहान चौकटीसाठी मी १० च्या खाली जात नाही. तपासायला चित्र कृष्णधवल करून पाहा. अक्षर राखाडीत विरघळलं, तर रंगाने आपली फसवणूक केली होती असं समजा.

आपल्या उदाहरणात शब्द पांढरे ठेवू आणि मागे काळपट, चकाकी नसलेली पार्श्वभूमी घेऊ. इथे स्टीलचं ताट टाळायचं. स्टीलवरची चमक पांढऱ्या अक्षराइतकीच उजळ असते आणि डोळा आधी तिकडे जातो. लोखंडी तवा, काळा दगड किंवा गडद कापड चालेल. वड्यांनी भरलेलं ताटही नको. वीस वड्या लहान चौकटीत खडबडीत पोतासारख्या दिसतात. एकच वडी घ्या, जवळून, कापलेली बाजू पुढे करून. आतली हिरवी कोथिंबीर आणि अखंड कडा दिसल्या, की ‘फुटणार नाही’ या शब्दांचा पुरावा शेजारीच उभा राहतो.

जागेचा एक हिशोब राहिला. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी दाखवणारी पट्टी चिकटवतं. चित्र लहान होतं, पण ती पट्टी त्या प्रमाणात लहान होत नाही. बोटभर चौकटीत ती रुंदीचा जवळजवळ पाचवा हिस्सा व्यापते. म्हणून कॅनव्हासवर त्या कोपऱ्यात ३२० बाय १८० पिक्सेलच्या जागेत अक्षर किंवा वडी येऊ देऊ नका. अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओच्या तळाशी लाल रेघही येते, तेव्हा शेवटच्या ओळीचा पाय तळाला टेकवू नका. आपली मांडणी अशी होईल: डावीकडे दोन ओळींचे शब्द, उजवीकडे वरच्या भागात वडी, खालचा उजवा कोपरा मोकळा.

आता परीक्षा. सॉफ्टवेअरमध्ये झूम १३ टक्क्यांवर आणा, चित्र १६६ पिक्सेल रुंद दिसेल. पण स्वतःच्या डोळ्यांवर विसंबू नका. शब्द आपल्याला आधीच माहीत असतात, त्यामुळे बुजलेलं अक्षरही आपण भरून वाचतो. फोनवर चित्र लहान करून, हातभर अंतरावरून, ज्यांना व्हिडिओबद्दल काही ठाऊक नाही अशा दोघा-तिघांना क्षणभर दाखवा आणि काय वाचलं ते लिहून द्यायला सांगा. त्यांची चूकच दोष कुठे आहे ते सांगते. कुणी ‘फटणार’ लिहिलं, तर उकार खालच्या शिरोरेषेला टेकलाय, ओळी थोड्या दूर करा. कुणी ‘पुटणार’ लिहिलं, तर ‘फ’चा उजवा आकडा दांड्यात मिसळलाय, फॉन्टचं वजन एक पायरी कमी करा. कुणी ‘नाहा’ लिहिलं, तर वेलांटी वरच्या ओळीच्या पायात हरवलीय. आणि कुणालाच काही वाचता आलं नाही, पण वडी दिसली, तर दोष अक्षराचा नाही, उजेडातल्या फरकाचा आहे.

या सगळ्याला मर्यादाही आहे. काही पदार्थांची नावंच तीन मजली असतात आणि ती टाळता येत नाहीत. व्हिडिओ ‘मुगाच्या बिरड्या’चा असेल आणि लोक तेच शोधत असतील, तर नाव लिहावंच लागेल. मग एकच शब्द घ्या, एकाच ओळीत, पूर्ण रुंदीभर, आणि चित्राला मागे हटू द्या. शिवाय वाचनीय शीर्षक म्हणजे लोकप्रिय व्हिडिओ, असंही समीकरण नाही. यूट्यूबवर एकाच व्हिडिओची तीनपर्यंत थंबनेलं लावून तुलना करण्याची सोय आहे आणि तिचा कौल प्रेक्षकांनी किती वेळ व्हिडिओ पाहिला त्यावरून ठरतो. वाचता आलेलं वचन व्हिडिओने पाळलं नाही, तर प्रेक्षक निघून जातो आणि तो कौल विरोधात जातो. ‘फुटणार नाही’ लिहिलं असेल, तर वडी तळून, मोडून दाखवायलाच हवी.

आपल्याकडे या कामाची परंपरा आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या नावांची अक्षरं घडवली. ती वर्तमानपत्राच्या जाहिरातींच्या पानावर, शेजारच्या जाहिरातींच्या दाटीत वाचली जायची. तिथे अक्षराला स्वतःचं रूपही हवं होतं आणि लहान जागेत तगही धरायचा होता. त्यांच्या हाताला वेलांटी कुठे वळवायची, उकार कुठे दडवायचा याचं स्वातंत्र्य होतं. तयार फॉन्ट वापरणाऱ्या ताईंना ते नाही. त्यांना शब्द बदलण्याचं स्वातंत्र्य मात्र आहे, आणि ते हाताच्या कौशल्याची बरीचशी उणीव भरून काढतं.

म्हणून कामाचा क्रम उलटा करावा, अशी माझी सूचना आहे. आज बहुतेक जण व्हिडिओ पूर्ण करतात, त्यातली एक चौकट उचलतात आणि उरलेल्या जागेत शीर्षक कोंबतात. त्याऐवजी कढईत तेल घालण्याआधी दोन शब्द कागदावर लिहा. वरच्या ओळीच्या खाली काय लोंबतंय आणि खालच्या ओळीच्या वर काय चढतंय ते पाहा. टक्कर असेल, तर दुसरा शब्द शोधा. शब्द ठरले की त्यांना किती जागा लागते ते कळतं. मग वडी कुठे ठेवायची, कोणत्या तव्यावर ठेवायची आणि कॅमेऱ्याच्या डावीकडे किती अंधार मोकळा सोडायचा, हे तळण्याआधीच ठरवता येतं.